बेनिफिशिअरी, मॅन्डेट, ऑटो-डेबिट, कूलिंग पिरियड: पैसे कुणाच्या हुकमाने हलतात?

प्रश्न: मुलीच्या इंजिनिअरिंगची फी २,१०,००० भरायची होती. ४ तारखेला बेनिफिशिअरी ॲड केला, तर म्हणे कूलिंग पिरियड आहे, २४ तास ५०,००० च्या वर जाणार नाहीत. ५ तारखेला सकाळी खात्यातून ४,३१० रुपये ऑटो-डेबिट झाले. ते लोन मी २ तारखेलाच पूर्ण फेडलं होतं! खात्यात २,१४,००० होते, फीला बरोबर ३१० रुपये कमी पडले. आता ॲपमध्ये बघतो तर एसआयपी २,००० ची आणि तिचं मॅन्डेट २५,००० चं. उद्या २५,००० कापले तर? बँक म्हणते कंपनीला विचारा, कंपनी म्हणते बँकेला विचारा. सगळी मॅन्डेट कॅन्सल करून टाकू का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: सगळी कॅन्सल करू नका. एक करा, एक हवं तर बदला, बाकीची राहू द्या. कोणती ते खाली येईलच.

मी एका नागरी सहकारी बँकेच्या पेमेंट विभागात काम करते. परत गेलेले हप्ते, अडकलेले ट्रान्सफर आणि "माझे पैसे कोणी कापले" हे अर्ज रोज माझ्या टेबलावरून जातात. तुमच्यासारख्या तक्रारी वाचताना मी पहिल्यांदा एकच गोष्ट बघते. पैसे खातेदाराने पाठवले, की समोरच्याने मागून घेतले? ॲपमध्ये हे सगळे शब्द एकाच मेनूत एकाखाली एक असतात, त्यामुळे ते एकाच जातीचे वाटतात. प्रत्यक्षात बेनिफिशिअरी आणि कूलिंग पिरियड हे पाठवण्याच्या बाजूचे आहेत, मॅन्डेट आणि ऑटो-डेबिट हे मागून घेण्याच्या बाजूचे. तुमच्या खात्यावर ४ आणि ५ तारखेला दोन्ही बाजूंची कामं एकदम चालू होती. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, फक्त शिल्लक एकच होती.

आधी पाठवण्याची बाजू. बेनिफिशिअरी ॲड करणं म्हणजे "या खात्यावर मी पुढे पैसे पाठवीन" एवढी नोंद. त्या माणसाला तुमच्या खात्यातलं काही दिसत नाही, काही काढता येत नाही, तुमच्या पश्चात काही मिळत नाही. (हे लिहावं लागतं, कारण बेनिफिशिअरीच्या यादीतून भावाचं नाव काढा, नाहीतर तो हक्क सांगेल, असे अर्ज खरोखर येतात. पश्चात पैसे मिळण्याचा संबंध नॉमिनीशी आहे आणि ती नोंद पूर्ण वेगळी.) नोंद झाल्यावरही प्रत्येक वेळी पैसे पाठवण्याचं बटण तुम्हीच दाबता, ओटीपी तुम्हीच टाकता.

यात एक गोष्ट लोकांना माहीत नसते. एनईएफटी किंवा आरटीजीएसने पैसे पाठवताना तुम्ही नाव काय लिहिलंत याला व्यवहारात किंमत नाही. रक्कम खाते क्रमांकावर जमा होते. नाव कॉलेजचं आणि क्रमांकातला एक आकडा चुकलेला, आणि तो क्रमांक दुसऱ्या कुणाचा निघाला, तर पैसे त्या दुसऱ्याकडे जातात. मग आम्ही त्या बँकेला पत्र लिहितो, ती बँक त्या खातेदाराला विचारते, आणि तो "हो" म्हणाला तर पैसे परत येतात. त्याच्या संमतीशिवाय कोणतीही बँक त्याच्या खात्यातून ते उचलून देत नाही. यूपीआय आणि आयएमपीएसमध्ये पाठवण्याआधी समोरच्याचं नाव दाखवण्याची सोय आधीपासून होती. एनईएफटी आणि आरटीजीएससाठी ती १ एप्रिल २०२५ पासून द्यायला रिझर्व्ह बँकेने सांगितलं, आणि तीही फुकट. खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकल्यावर बँकेत नोंदलेलं नाव पडद्यावर येतं. ते आलं की दोन सेकंद थांबून वाचा. तुम्ही टाइप केलेलं नाव आणि हे नाव वेगळं असेल तर पुढे जाऊ नका. फीच्या बाबतीत कधी कधी कॉलेजऐवजी शिक्षण संस्थेचं किंवा ट्रस्टचं नाव दिसतं. तसं असेल तर फीच्या पत्रकावर तेच नाव छापलेलं आहे का बघा.

आता कूलिंग पिरियड. नवीन बेनिफिशिअरी जोडल्यावर काही तास त्याला फार मोठी रक्कम जाऊ न देणं, इतकंच त्याचं काम. किती तास आणि किती रक्कम हे बँक आपलं आपण ठरवते, म्हणून तुमच्या बँकेचे २४ तास आणि ५०,००० हे तुमच्या मेहुण्याच्या बँकेत तसेच असतील असं नाही. कारण असं आहे: चोराच्या हाती तुमचा मोबाइल किंवा पासवर्ड लागला तर तो पहिलं काम स्वतःचं खातं बेनिफिशिअरी म्हणून जोडण्याचं करतो आणि लगेच खातं रिकामं करतो. मध्ये हा थांबा असला की जोडल्याचा जो एसएमएस तुम्हाला येतो, तो वाचून बँकेला फोन करायला वेळ मिळतो. म्हणजे कूलिंग पिरियडची सगळी उपयुक्तता त्या एका एसएमएसवर टांगलेली आहे. "बेनिफिशिअरी ॲडेड" असा मेसेज तुम्ही काही न करता आला, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. आधी बँकेच्या हेल्पलाइनवरून नेट बँकिंग बंद करून घ्यायचं. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन.

या थांब्यात लोक दोन गोष्टी करून बसतात. वैतागून बेनिफिशिअरी डिलीट करून पुन्हा जोडतात, आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. किंवा नवीन फोनवर ॲप टाकून बघतात. नवीन फोनवर यूपीआय सुरू केलं की पहिले २४ तास एकूण ५,००० चीच मुभा असते, म्हणजे असलेली वाटही बंद होते. तिसरी गोष्ट वाईट माणसं करतात: "कूलिंग काढून देतो, स्क्रीन शेअर करा" असा फोन येतो. कूलिंग पिरियड फोनवरून कोणी काढून देत नाही.

तुमच्या फीला ४ तारखेलाच दोन सरळ वाटा होत्या. एक, शाखेत जाऊन चेक आणि आरटीजीएसचा फॉर्म देणं. आरटीजीएसला किमान रक्कम २ लाख लागते, तुमची त्यात बसते. ॲपमधलं कूलिंग हे ॲपमधून जाणाऱ्या पैशांसाठी असतं, काउंटरवर तुमची सही तपासली जाते. शाखेतून २ ते ५ लाखांच्या आरटीजीएसला बँकेला जास्तीत जास्त २४.५० रुपये अधिक जीएसटी एवढंच शुल्क घेता येतं. दुसरी वाट कॉलेजच्या स्वतःच्या फी पोर्टलवरून भरण्याची. तिथे बेनिफिशिअरी जोडावाच लागत नाही, आणि शैक्षणिक संस्थांना यूपीआयने एका व्यवहारात ५ लाखांपर्यंत देता येतात. मात्र ते कॉलेजच्या पोर्टलवर आणि तुमच्या बँकेच्या मर्यादेवर अवलंबून आहे, म्हणून शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

आता मागून घेण्याची बाजू, जिथे तुमचे ४,३१० गेले.

मॅन्डेट म्हणजे तुम्ही आधीच देऊन ठेवलेली परवानगी, की अमुक कंपनीने मागितले तर माझ्या खात्यातून द्या. ऑटो-डेबिट म्हणजे त्या परवानगीवर प्रत्यक्ष पैसे जाण्याची घटना. मॅन्डेट एकदा होतं, ऑटो-डेबिट दर महिन्याला. म्हणून "ऑटो-डेबिट बंद करा" असा अर्ज आला की आम्ही उलट विचारतो, कोणतं मॅन्डेट? ज्येष्ठ खातेदारांना मी सांगते की हे पुढच्या तारखांचे सही केलेले चेक कंपनीकडे ठेवण्यासारखं आहे. ते चेक परत घेतले नाहीत तोवर ती वटवायला पाठवू शकते. आणि हे महत्त्वाचं: मॅन्डेटला बेनिफिशिअरीसारखा कूलिंग पिरियड सहसा नसतो. ज्या क्षणी तुम्ही पिन किंवा ओटीपी टाकून ते मंजूर केलंत, त्या क्षणी तुमच्याकडून सगळं झालेलं असतं. ५०,००० पाठवताना दहा वेळा विचार करणारा माणूस दहा वर्षांचं मॅन्डेट चहा पिता पिता मंजूर करतो.

हप्त्यांचं आणि एसआयपीचं मॅन्डेट बहुतेक वेळा नॅच नावाच्या यंत्रणेतून चालतं. यूपीआय चालवणारी एनपीसीआय ही संस्थाच ती चालवते. प्रत्येक मॅन्डेटला एक नंबर असतो, `UMRN`. तुमच्या ॲपमधल्या मॅन्डेटवर बोट ठेवलं की तो दिसेल. आता त्याच पडद्यावर चार रकाने नीट बघा.

पहिला रकाना रकमेचा. तिथे ठरावीक रक्कम असते किंवा कमाल रक्कम. तुमच्या एसआयपीचे २५,००० ही कमाल रक्कम आहे. म्हणजे फंडाकडून एका वेळी २५,००० पर्यंत मागणी आली तर बँक ती अडवणार नाही. फंडाने मात्र मागायची ती तुम्ही नोंदवलेल्या एसआयपीएवढीच, म्हणजे २,०००. उद्या तुम्ही एसआयपी ५,००० केलीत किंवा दुसरी सुरू केलीत तर नव्याने कागद करायला नको, म्हणून वितरक मोठा आकडा टाकून ठेवतात. कर्ज कंपन्याही हप्त्याच्या दुप्पट-तिप्पट आकडा टाकतात, पण हेतू वेगळा: एक हप्ता चुकला तर पुढच्या महिन्यात दोन्ही हप्ते आणि दंड एकदम मागता यावेत.

दुसरा रकाना वारंवारतेचा: मासिक, तिमाही, वार्षिक, किंवा "ॲज अँड व्हेन प्रेझेंटेड", म्हणजे जेव्हा मागतील तेव्हा. माझ्या मते रकमेपेक्षा हा रकाना जास्त बघण्यासारखा आहे आणि तो कुणीच बघत नाही. कमाल रक्कम ही एका वेळच्या मागणीची असते, महिन्याची नव्हे. मासिक मॅन्डेट असेल तर महिन्यात एकदा. "जेव्हा मागतील तेव्हा" असेल तर त्याच महिन्यात दुसरी मागणीही नियमात बसते. म्युच्युअल फंडांत हे सर्रास असतं, कारण एकाच मॅन्डेटवर वेगवेगळ्या तारखांच्या एसआयपी चालतात, आणि तिथे पैसे तुमच्याच नावच्या युनिटमध्ये जातात. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपच्या मॅन्डेटवर हेच शब्द दिसले तर मी तरी सही करणार नाही. तिसरा आणि चौथा रकाना सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख. कर्ज १८ महिन्यांचं आणि मॅन्डेटची शेवटची तारीख पुढच्या दशकातली, असं नेहमी आढळतं.

मागणी आल्यावर बँक काय तपासते ते कळलं की तुमच्या ५ तारखेचा उलगडा होतो. खातं चालू आहे का, हा `UMRN` चालू आहे का, रक्कम कमाल मर्यादेत आहे का, तारखा बसतात का, शिल्लक आहे का. एवढंच. तुमचं कर्ज शिल्लक आहे की फिटलं, हे आमच्या पडद्यावर कुठेही दिसत नाही. त्यामुळे "कंपनीला विचारा" हे तुमच्या बँकेचं उत्तर अर्ध खरं आहे.

कंपनीच्या बाजूला काय झालं असावं तेही सांगते. ५ तारखेच्या हप्त्यांची यादी कर्ज कंपन्या ५ तारखेला बनवत नाहीत. ती दोन-चार दिवस आधी तयार होते आणि त्यांच्या बँकेमार्फत पुढे जाते. तुम्ही २ तारखेला कर्ज फेडलंत तेव्हा तुमचं नाव बहुधा त्या यादीत गेलेलं होतं. म्हणून हप्त्याच्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात कर्ज बंद करायचं असेल तर मी लोकांना सांगते, हा हप्ता जाऊ द्या आणि तो गेल्यावर दोन दिवसांनी बंद करायची रक्कम मागवा. एका हप्त्याचं व्याज वाचवायला जाऊन परताव्याच्या मागे महिनाभर फिरण्यात अर्थ नाही. अर्थात तुमच्या बाबतीत हे दुसरं कारणही असू शकतं, की कंपनीच्या शाखेने कर्ज बंद केलं आणि मॅन्डेट बंद करायचं राहिलं. कोणतं कारण, ते पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला आपोआप कळेल, पण तोवर वाट बघायची गरज नाही.

तुमच्या हातात आत्ता करण्यासारखं असं आहे. कंपनीला ईमेल करा, फोन नको. त्यात कर्ज क्रमांक, २ तारखेला रक्कम भरल्याचा संदर्भ क्रमांक, ५ तारखेच्या डेबिटची रक्कम आणि `UMRN` लिहा. तीन गोष्टी मागा: ४,३१० चा परतावा, नो ड्यूज प्रमाणपत्र, आणि मॅन्डेट रद्द केल्याची लेखी पोच. त्याच दिवशी दुसरा अर्ज तुमच्या बँकेत द्या: "माझ्या अमुक खात्यावरचं, अमुक `UMRN` चं डेबिट मॅन्डेट रद्द करावं." शाखेत दिलात तर शिक्का आणि तारीख असलेली प्रत घ्या, ॲपमधून केलंत तर विनंती क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा.

बँकेतला हा दुसरा अर्ज लोक टाळतात, कारण कंपनीला सांगितलं म्हणजे झालं असं त्यांना वाटतं. फरक असा पडतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे, की ग्राहकाने बँकेकडे मॅन्डेट रद्द केल्यानंतरही खात्यातून पैसे गेले तर त्याला ग्राहकाची बँकच जबाबदार. व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत तिने ते निस्तरायचं, नाहीतर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. हे तेव्हाच लागू होतं जेव्हा रद्द करण्याची विनंती बँकेकडे पोचलेली असते. कंपनीला केलेला फोन तिथे मोजला जात नाही, आणि मोबाइलमधून कर्जाचं ॲप काढून टाकणं तर कुठेच मोजलं जात नाही. ॲप गेलं तरी मॅन्डेट जागेवर असतं.

तुमच्या ४,३१० ला मात्र हा नियम लागू होणार नाही. ५ तारखेला मॅन्डेट चालू होतं, बँकेने नियमाप्रमाणेच पैसे दिले. तो परतावा कंपनीनेच द्यायचा. हे आधी स्पष्ट असलं की तुम्ही योग्य काउंटरवर भांडाल.

आता "सगळी कॅन्सल करू का" याबद्दल. मॅन्डेट रद्द केल्याने देणं रद्द होत नाही. चालू कर्जाचं मॅन्डेट रद्द केलंत तर हप्ता परत जाईल. शिल्लक कमी पडल्याने परत गेलेला हप्ता कसा महाग पडतो ते बघा. समजा हप्ता ८,६४० चा आणि खात्यात ८,५००. बँकेचं परतीचं शुल्क समजा ५०० धरलं तर जीएसटी धरून ५९० गेले. कर्ज कंपनी तिचं बाउन्स शुल्क वेगळं लावते, तेवढंच धरलं तर आणखी ५९०. १४० रुपये कमी पडले म्हणून जवळपास १,२०० चा फटका, वर क्रेडिट अहवालात उशिराची नोंद. कंपनी तोच हप्ता पुन्हा मागते आणि तेव्हाही शिल्लक नसली तर बँकेचं शुल्क पुन्हा. आकडे बँकेगणिक बदलतात, तुमच्या बँकेच्या शुल्कपत्रकात बघा, पण दोन्हीकडून लागतं हे सगळीकडे सारखं. शिवाय अपुऱ्या शिल्लकेमुळे परत गेलेल्या इलेक्ट्रॉनिक डेबिटवर चेक बाउन्ससारखाच खटला भरता येतो. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७, कलम २५. शंभर-दोनशे रुपयांच्या हप्त्यासाठी कोणी कोर्टात जात नाही, पण मोठ्या कर्जाच्या नोटिशीत या कलमाचा उल्लेख असतो.

शिल्लक कधी असावी लागते, यावर बरेच जण फसतात. हप्ता ५ तारखेचा असेल तर पैसे ४ तारखेच्या संध्याकाळपर्यंत खात्यात हवेत. मागण्यांच्या याद्या सकाळी लवकर खात्यांवर चालतात. ११ वाजता काउंटरवर येऊन पैसे भरणाऱ्यांचा हप्ता कित्येकदा तोवर परत गेलेला असतो. आणि ५ तारखेला रविवार आहे म्हणून निवांत राहू नका, १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच सुट्टीच्या दिवशीही चालतं.

नॅचमध्ये नसलेलीही काही ऑटो-डेबिट असतात, आणि ती तुम्हाला या यादीत सापडणार नाहीत. ओटीटी, मोबाइल बिल वगैरे बहुधा यूपीआय ऑटोपे किंवा कार्डावर असतं. ते यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागात, किंवा कार्डाच्या विभागात दिसेल. तिथे ग्राहकाला संरक्षण जास्त आहे: पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी सूचना द्यावीच लागते, आणि १५,००० च्या वरच्या रकमेला दर वेळी तुमचा पिन किंवा ओटीपी लागतो. विमा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्ड बिलाला ही मर्यादा १ लाख आहे. फास्टॅगच्या आपोआप रिचार्जला मात्र ही आधीची सूचना नसते. नॅचच्या हप्त्याची आठवण कंपन्या पाठवतात, पण त्यावर विसंबून राहू नका.

मे अखेरीला किंवा जूनच्या सुरुवातीला पासबुक भरून घेतलं की हमखास विचारणा होते, "४३६ रुपये कसले?" ते प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे. सोबत २० रुपये गेले असतील तर ते सुरक्षा विम्याचे. यांची संमती बँकेत दिलेली असते, त्यामुळे ती मॅन्डेटच्या यादीत न दिसता शाखेच्या नोंदीत असते आणि बंदही शाखेतच अर्ज देऊन होते. बंद करण्याआधी घरात विचारा, कारण जीवन ज्योती बंद झाली तर दोन लाखांचं संरक्षण जातं.

पासबुकातली नावंही घाबरवतात. `ACH D-` ने सुरू होणारी ओळ म्हणजे नॅचचं डेबिट. त्यापुढे `INDIAN CLEARING CORP` दिसलं की "ही कोण कंपनी, मी हिला ओळखत नाही" म्हणून लोक धावत येतात. ती मुंबई शेअर बाजाराची क्लिअरिंग संस्था आहे. वितरकाकडून किंवा गुंतवणुकीच्या ॲपवरून केलेल्या एसआयपीचे पैसे बऱ्याचदा तिच्यामार्फत जातात. तारीख आणि रक्कम तुमच्या एसआयपीशी जुळत असेल तर ते तुमचेच पैसे, तुमच्याच फंडात चालले आहेत. म्हणून अनोळखी नाव दिसलं की लगेच रद्द करू नका. आधी रक्कम, तारीख आणि `UMRN` जुळवून बघा.

आता तुमच्या एसआयपीचं २५,००० चं मॅन्डेट. एसआयपी कधीच ५,००० च्या पुढे जाणार नाही याची खात्री असेल तर वितरकाला सांगून ५,००० चं नवं करून घ्या आणि ते नोंदलं गेल्याचं दिसल्यावरच जुनं रद्द करा. उलट क्रमाने केलंत तर मधली एसआयपी चुकेल. सलग तीन महिने चुकली तर फंड ती एसआयपीच बंद करतो, आणि प्रत्येक परतीला तुमची बँक शुल्क लावू शकते. वाढवायची शक्यता असेल तर आहे तसं ठेवा. एक साधी व्यवस्था मी बऱ्याच जणांना सुचवते: हप्ते आणि एसआयपी एका खात्यावर, त्यात महिन्याला लागेल तेवढे आणि वर थोडे जास्त. फी, घरखर्च, मोठ्या रकमा दुसऱ्या खात्यात, ज्यावर एकही मॅन्डेट नाही. तसं असतं तर ५ तारखेची मागणी फीच्या पैशांपर्यंत पोचलीच नसती.

राहिली गोष्ट कंपनीने पैसे परत न दिल्यास काय. ईमेल केल्यापासून ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही. तक्रार करण्याआधी कर्जाच्या करारावर कर्ज देणाऱ्याचं नाव बघा. ॲपचं नाव एक आणि प्रत्यक्ष कर्ज देणारी बँक किंवा वित्त कंपनी दुसरीच, असं मोबाइलवरच्या कर्जात सर्रास असतं. तक्रार त्या कर्ज देणाऱ्याच्या नावाने करायची आणि सोबत वर सांगितलेला ईमेल जोडायचा, म्हणून तो आजच पाठवा.